मोरपंखी साडी, हिरव्या बांगड्या आणि चमकीचा हिशेब

प्रतिक्रिया: "ताई, लेख वाचला, पण पटला नाही. 'सगळं मॅचिंग करू नका' हे सांगायला सोपं आहे. माझी गौरीला नेसायची साडी मोरपंखी, राणी काठाची. हातात हिरव्या बांगड्या पाहिजेतच, त्यावर सासूबाईंपुढे वाद नाही. मोरपंखीवर हिरवा चुडा कसा दिसतो ते तुम्हीच बघा! म्हणून मी जोडीला मोरपंखी-राणी खड्यांच्या बांगड्यांचा सेट, तसलीच खड्यांची टिकली आणि सोनेरी सँडल घेतले. वर तुम्ही म्हणता कोल्हापुरी घाला. रेशमी साडीवर चामड्याची चप्पल? गावठी दिसतं ते. सणाला नटायचं नाही तर कधी नटायचं? साधेपणाचे सल्ले ज्यांच्या अंगावर सोनं आहे त्यांनाच शोभतात."

ताई, नटा की! गौरीला नटायचं नाही असं मी म्हटलं तर माझ्याच घरात मला कोणी जेवायला वाढायचं नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. साडीवरचं नटणं जास्त झालं असं आपल्याला वाटतं, तेव्हा दहातल्या नऊ वेळा रंग जास्त झालेले नसतात, चमक जास्त झालेली असते. तुमच्याच यादीकडे बघा. साडीला जरीचा काठ आहे, म्हणजे पहिली चमक साडीतच आली. तिच्यावर खड्यांचा सेट, कपाळावर खडे, पायात सोनेरी पट्टे. चार ठिकाणांहून एकदम लखलखाट होतो आणि बघणाऱ्याची नजर कुठंच टिकत नाही. त्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते जरीचं, जिच्यासाठी तुम्ही साडीला पैसे मोजलेत.

रंगांचं म्हणाल तर आपल्याकडे तीन रंग हिशेबात धरायचेच नाहीत. कुंकवाचा लाल, काचेचा हिरवा आणि चामड्याचा बदामी. पिवळ्या साडीवर हिरवा चुडा, जांभळ्या साडीवर हिरवा चुडा, लाल शालूवर हिरवा चुडा. कधी कुणी म्हटलंय का, की बांगड्या साडीला मॅच होत नाहीत म्हणून? नजरेला त्याची सवय आहे. हे तीन रंग आधीच ठरलेले धरले की निवडायचं फार थोडं उरतं, आणि ते थोडंच नीट निवडायचं.

पण तुमची अडचण खरी आहे. मोरपंखी हा असा रंग आहे की त्याच्यावर हिरवा चुडा चुकू शकतो. पिवळ्यावर किंवा लालवर चुकत नाही, मोरपंखीवर चुकतो. का, ते जरा सविस्तर सांगते.

मोरपंखी रेशमी साडी बहुतेक वेळा दोन रंगांच्या धाग्यांची असते. उभा धागा निळा आणि आडवा हिरवा, किंवा उलटं. त्यालाच आपण धूपछाव म्हणतो. साडी सपाट धरली की एक रंग दिसतो, चुणी पडली की दुसरा. तुमची साडी खिडकीशी नेऊन पदराचा एक भाग हातावर टाका आणि हात हळूहळू वळवा. निऱ्यांच्या घडीत निळी झाक येईल, गुडघ्यावर ताणलेल्या भागात हिरवी. आता सांगा, खड्यांचा सेट यातल्या कुठल्या मोरपंखीला मॅच केला? दुकानात काउंटरवर साडीची घडी होती, तिच्या वरच्या बाजूला तो जुळला. नेसून उभं राहिलात की तो पदराला जुळेल आणि निऱ्यांना जुळणार नाही. माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका हीच तक्रार घेऊन येतात, "दुकानात बरोबर होतं, घरी आल्यावर रंग बदलला." रंग बदलत नाही, कापडाचा कोन बदलतो. आणि मोबाईलमधला फोटो दाखवून बांगड्या घ्यायच्या असतील तर मुळीच जाऊ नका. मोरपंखी आणि राणी हे दोन रंग मोबाईलमध्ये हमखास भलतेच उमटतात.

म्हणून मोरपंखीला मोरपंखी जुळवायचा नादच सोडायचा. त्याच्यापासून ठळक लांब जायचं. एखादा रंग साडीच्या रंगापासून अगदी थोडासाच वेगळा असला, तर तो जुळवायला गेलो आणि हुकला असा दिसतो. ठळक वेगळा असला तर तो मुद्दाम निवडलेला दिसतो. हिरव्या बांगड्यांचं तुमच्या साडीवर नेमकं इथंच बिघडतं.

हिरव्या काचेत निदान तीन जाती सहज मिळतात. एक बाटलीसारखा गर्द हिरवा, त्यात थोडी निळी झाक असते. दुसरा नेहमीचा चुड्याचा हिरवा. तिसरा पोपटीकडे झुकलेला, त्यात पिवळी झाक. मोरपंखी साडीला गर्द हिरवा घेतलात की तो साडीच्या शेजारी काळपट, विटल्यासारखा दिसतो, कारण दोघांतही निळं आहे आणि दोघं एकमेकांना खातात. तुम्ही "कसा दिसतो ते बघा" म्हणता, तो बहुतेक हाच हिरवा असणार. पिवळी झाक असलेला हिरवा भरा. तो मोरपंखीपासून सुटा दिसतो. सासूबाईंच्या दृष्टीने तो हिरवाच, त्यांचा शब्दही राहिला.

हे कासाराकडे कसं बघायचं? कोल्हापुरात महाद्वार रोडला जाल तर साडीच नेलेली बरी, निदान ब्लाउजपीस आणि साडीचा एखादा मोठा तुकडा दिसेल अशी घडी. एक बांगडी उजेडाकडे धरून रंग ठरवू नका. काच पारदर्शक असते. एकटी बांगडी उजेडात पोपटी दिसते, तीच डझनभर मनगटावर चढली की मागून उजेड येत नाही, त्वचेचा रंग आतून दिसतो आणि सगळा गठ्ठा दोन छटांनी गडद होतो. म्हणून निदान सहा बांगड्या हातात भरून दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात या. मग हात मांडीवर ठेवल्यासारखा साडीच्या अंगावर ठेवा. हळदीकुंकवाला बसल्यावर हात तिथंच असतो, बांगड्यांचा खरा शेजारी तोच रंग. तिथं हिरवा सुटा दिसला की काम झालं.

बांगड्यांवर सोनेरी चमकीच्या रेघा मात्र नकोत. नुसत्या साध्या काचेच्या घ्या. काचेला तिची स्वतःची तुकतुकी असतेच, ती पुरते. शिवाय त्या चमकीचं एक सांगते. ती घासली जाते आणि रेशमी पदराला बारीक सोनेरी कचरा चिकटतो. इस्त्री करताना तो कळतो, तोवर उशीर झालेला असतो.

आता राणी रंग आणायचा तो ब्लाउजमधून. कोपरापर्यंत बाही असेल तर हाताच्या वरच्या अर्ध्या भागाला राणी, मनगटाला हिरवा. राणी आणि हिरवा एकमेकांना छान उठाव देतात, कमळ आणि त्याचं पान यांच्यासारखे. बांगड्यांमध्येही काठाचा रंग हवाच असेल तर दोन राणी काचेच्या बांगड्या घ्या आणि त्या हिरव्या गठ्ठ्याच्या कडेला ठेवा, एक कोपराच्या बाजूला, एक मनगटाच्या. एक हिरवी, एक राणी, एक हिरवी अशी आडून पाडून भरली की दोन्ही रंग लांबून मिसळतात आणि हातावर पट्टे-पट्टे दिसतात. दुकानात भरून देणारे बरेचदा तसंच भरतात, कारण काउंटरच्या दिव्याखाली ते भरगच्च दिसतं. आपण सांगायचं, सगळ्या हिरव्या एकत्र आणि कडा वेगळ्या.

मापाचं थोडक्यात. बांगडीच्या मापातला मागचा आकडा इंचाचे सोळावे भाग असतात. दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच आणि दोन-सहा म्हणजे त्याहून एक सूत मोठी. झिम्मा-फुगडी खेळणार असाल तर सैल बांगडी घेऊ नका. सैल बांगड्या फुगडीत एकमेकींवर आपटून वाढतात, आणि रात्री दहाला तुमच्या हातात निम्म्याच उरतात. जोडीदारणीच्या मनगटाला ओरखडे येतात ते वेगळंच.

टिकलीकडे येते, कारण खड्यांच्या टिकलीचा मुद्दा नुसता दिसण्याचा नाही. गौरीच्या हळदीकुंकवाला तुम्ही जिथं जाल तिथं सवाष्ण तुमच्या कपाळाला हळद आणि कुंकू लावणार. म्हणजे संध्याकाळभर तुमच्या टिकलीच्या शेजारी खरं कुंकू आणि खरी हळद असणार, तुमची इच्छा असो वा नसो. तिथं राणी रंगाची टिकली बसते कशी? राणी आणि कुंकवाचा लाल अगदी शेजारी आले की दोघेही किंचित घाण दिसतात. राणीत निळसर झाक असते, कुंकवात पिवळसर. मोरपंखी टिकली घेतलीत तर लालपुढं ती काळी भासते. म्हणून हळदीकुंकवाच्या साडीवर टिकली लालच, साडी कुठल्याही रंगाची असो. साडीची निवड तिथं चालत नाही, कपाळावर पुढं काय येणार आहे त्याची चालते.

खड्यांच्या टिकलीचा दुसरा ताप म्हणजे कुंकू खड्यांच्या फटीत बसतं. चार घरं झाली की खडे बुजून ती टिकली विटकरी रंगाची होते. मखमली टिकलीवर कुंकू पडलं तरी लालावर लाल, कळतच नाही. टिकली भुवयांच्या मधोमध, जरा खाली लावा, म्हणजे वर कुंकवाला जागा राहते. चंद्रकोर लावत असाल तर तिच्या खोलगट भागात कुंकू बसतं आणि सुंदर दिसतं, पण तेव्हा चंद्रकोर साधी लाल हवी, खाली मोती लोंबणारी नको.

लाल म्हणजे कुठला लाल? मरून आणि कुंकवाचा लाल यांच्यात संध्याकाळी मोठा फरक पडतो. घरात पिवळ्या माळांचा उजेड असतो, कोपरे अंधारे असतात. मंद उजेडात गडद लाल आधी काळा पडतो. सावळ्या कपाळावर मरून टिकली तर बुडूनच जाते, फोटोत नुसता काळा ठिपका उरतो. तुम्ही सकाळी पूजेला नेसणार असाल तर मरून चालेल, दिवेलागणीनंतर जाणार असाल तर एक छटा उजळ घ्या. आणि टिकलीखाली सारखी खाज येत असेल किंवा कातडी पांढुरकी दिसायला लागली तर ती टिकली बंद करा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. काही टिकल्यांच्या डिंकातल्या रसायनाने तसे डाग पडतात.

आता चप्पल. इथं तुम्ही मला गावठी ठरवलंत, त्याचं मला वाईट वाटलं नाही. वाद चामड्याचा नाही, तुमच्या पायातल्या चांदीचा आहे. जोडवी आणि पैंजण चांदीचे, कारण सोनं पायात घालत नाहीत. तुमच्या घरीही हुपरीचे पैंजण असतील. सोनेरी सँडलचा पट्टा बोटांवरून जातो, नेमका जोडव्यांच्या शेजारून. पिवळा धातू आणि पांढरा धातू एका इंचात आले, की जोडवी फिकट लोखंडासारखी दिसतात. त्यात सँडलचं सोनेरी आणि जरीचं सोनेरी कधीच एक नसतं. सँडल बहुतेक पांढुरक्या, फिकट सोनेरी असतात, जर पिवळी किंवा तांबूस असते. चालताना साडीची कड नेमकी त्या पट्ट्यावर येऊन टेकते, म्हणजे दोन वेगळी सोनेरी एकमेकांना चिकटूनच. पुन्हा तेच, थोडक्यात हुकलेलं मॅचिंग.

कोल्हापुरीचा बदामी रंग हा रंगाऱ्याने दिलेला नसतो. बाभळीची साल आणि हिरडा यांच्यात कातडं कमावलं जातं, त्यातून तो येतो. तेल लावलं, पायाची सवय झाली की तो तपकिरीकडे जातो. त्यावर चमक नसते, आणि पिवळी ऊब असते, म्हणून जरीच्या कडेला तो गुपचूप बसतो आणि चांदी त्याच्यावर लख्ख उठून दिसते. चप्पल लाईनला गेलात तर गोंडे, जरीची वेणी, रंगीत पट्टे असलं खूप काही दाखवतील. तुमच्या साडीला त्यातलं काही नको. नुसती कानाची, बारीक वेणीची, न रंगवलेली घ्या. लाल रंगवलेली चप्पल सुंदर दिसते, पण कच्चा रंग असला तर घामाने पायाला उतरतो आणि तिथून साडीच्या फॉलला. फॉल-पिको करताना पांढऱ्या अस्तरावर पायाच्या बोटांएवढे लाल डाग मी बघते, ते कशाचे हे साडीवालीला कळलेलंच नसतं.

पण थांबा, गौरीला मी तुम्हाला कोल्हापुरी घालायला सांगणार नाही. गौरी भाद्रपदात येतात, आणि भाद्रपदात आपल्याकडे पाऊस कधी येईल सांगता येत नाही. गौरी आणायला पंचगंगेवर किंवा रंकाळ्यावर जाणार असाल तर चिखल ठरलेलाच. कोल्हापुरी भिजली की तळाचे थर फुगतात, शिवण ढिली पडते, आणि ओल्या चामड्याचा तपकिरी डाग रेशमाच्या कडेला लागतो तो सहजासहजी निघत नाही. पावसाळ्यात त्याच बदामी किंवा तपकिरी रंगाची, न चमकणारी, धुता येणारी साधी सँडल घाला. पट्टा रुंद असेल तर उत्तम. कोल्हापुरी नवरात्रात आणि दिवाळीला काढा. तोवर ती नवी असेल तर थोडी घरातल्या घरात फिरवून मऊ करा, नाहीतर त्र्यंबोलीच्या टेकडीवर अनवाणीच चालावं लागेल, चप्पल हातात घेऊन.

उंचीचंही तेवढंच लक्षात घ्या. सपाट चप्पल घालणार असाल तर साडी पावलाच्या वरच्या भागाला टेकेल इतकीच ठेवून निऱ्या खोचा. उंच टाचेच्या हिशेबाने नेसलात आणि मग सपाट घातली, की कड जमिनीवरून फरफटते. शिवाय हळदीकुंकवाला जाल तिथं चप्पल उंबऱ्याबाहेरच राहते. निम्मी संध्याकाळ तुमचे पाय अनवाणी असतात, आणि तिथं दिसतात ते पैंजणच.

सोन्याबद्दल तुम्ही लिहिलंत त्याला सरळ उत्तर देते. वर सांगितलेल्यात सोन्याचं एकही काही नाही. साध्या हिरव्या काचा, मखमली टिकलीचं पाकीट आणि तपकिरी सँडल, हे तिन्ही मिळून तुमच्या खड्यांच्या सेटपेक्षा बहुतेक स्वस्तच पडतं. एक ग्रॅमच्या पाटल्या असतील तर काचेच्या दोन्ही कडांना एकेक घाला, म्हणजे काच बंदिस्त दिसते, पण तेव्हा राणी बांगड्या काढून ठेवा. नसतील तर रिकामी कडही चांगलीच दिसते. मला तर नुसती काचच जास्त आवडते, ती वाजते तरी.

आणि घेतलेला खड्यांचा सेट फेकून द्यायचा नाही. चमक मोजायची म्हटलं ना, मग कमी चमकीची साडी शोधा. इरकल असेल, त्यातही सुती अंगाची, तर तिच्या अंगाला जर नसते, काठ रेशमी पण शांत असतो. खणाची साडी असली तरी तसंच. तिथं एका हातात खड्यांचे दोन कडे घाला आणि दुसऱ्या हातात नुसता हिरवा चुडा. हळदीकुंकू नसेल त्या दिवशी खड्यांची टिकलीही लावा. सोनेरी सँडल मात्र तिथं नको, त्या लग्नाच्या स्वागत समारंभाला ठेवा, जिथं साडी फिकट असेल आणि पैंजण काढलेले असतील.

बांगड्या भरायला आवाहनाच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी कासाराकडे पाय ठेवायला जागा नसते, दारात जाऊन उजेडात बघू म्हणालात तर मागची बाई पुढं बसलेली असते. दोन दिवस आधी, दुपारी, ऊन असताना जा. साडी पिशवीत न्या आणि ब्लाउजची बाही शिवून झाली असेल तर ब्लाउज तर न्याच. पिवळी झाक असलेला हिरवा कुठला ते कळलं नाही, तर गर्द हिरवी एक बांगडी शेजारी धरून बघा, फरक लगेच दिसतो.